भाडे आणि ग्राहक कायद्यावरच्या माहितीपत्रकाला मथळा कसा द्यावा : महाराष्ट्रात नव्याने लिहू लागलेल्यांसाठी

"डिपॉझिट परत मिळवा : पाच सोप्या पायऱ्या." हा मथळा माझाच. सिंधुदुर्गातल्या एका छोट्या मदत केंद्रासाठी मी माहितीपत्रकं लिहिते, त्यातलं हे अगदी पहिलं. छापून आलं तेव्हा मला ते फार आवडलं होतं.

काही महिन्यांनी एक गृहस्थ तेच पत्रक चौघडी करून खिशात घालून आले. पाचही पायऱ्यांपुढे त्यांनी बॉलपेनने बरोबरच्या खुणा केल्या होत्या. डिपॉझिट मिळालं नव्हतं. बोलता बोलता कळलं, की घर म्हापशाला, म्हणजे गोव्यात. करार तोंडी. आणि घर म्हणजे तरी काय, खाली सलून आणि मागे झोपायची खोली. मी म्हटलं, "अहो, तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय ना, ही माहिती फक्त महाराष्ट्रातल्या राहत्या घरांसाठी आहे म्हणून." ते शांतपणे म्हणाले, "ताई, वर लिहिलंय डिपॉझिट परत मिळवा. माझं डिपॉझिटच अडकलं होतं. मग तिसऱ्या परिच्छेदात माझं नाव नाही, हे मी कशाला शोधू?"

पत्रकातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. चूक होती ती फक्त मथळ्यात, आणि तिच्यापायी त्यांचे चार महिने गेले. तेव्हापासून मथळ्यासाठी मी ज्या क्रमाने काम करते, तो इथे मांडते. उदाहरण तेच घेते, डिपॉझिटचं.

बसण्याआधी हाताशी काय हवं

- ज्या कायद्यावर लिहिताय त्याची दुरुस्त्यांसह प्रत. कायद्याखालचे नियमही सोबत हवेत, कारण बदलणारे आकडे बहुतेक वेळा नियमांत असतात.
- दोन-तीन खरे करारनामे किंवा पावत्या, नावं आणि पत्ते खोडून. लोकांच्या हातात कागद कोणत्या नावाने येतो, ते त्यावरूनच कळतं.
- मदत केंद्राची नोंदवही, ज्यात लोकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवलेले असतात. तुमच्याकडे अशी वही नसेल तर महिनाभर ठेवा आणि मगच लिहा.
- कायद्याशी काही देणंघेणं नसलेला एक माणूस, ज्याला शेवटी मथळा वाचायला द्यायचा.

१. आधी "यात काय नाही" ते लिहा

मथळा सगळ्यात शेवटी. मजकूर लिहून झाला की एक कोरा कागद घ्या आणि पत्रकात काय नाही ते भराभर लिहून काढा. माझ्या डिपॉझिटच्या पत्रकाची ती यादी नंतर केली तेव्हा अशी निघाली : गोव्यातली घरं नाहीत. दुकानं आणि गाळे नाहीत. पागडीची घरं नाहीत. तोंडी व्यवहार नाही. घरमालकाच्या बाजूने काही नाही. आणि नोटीस पाठवूनही पैसे आले नाहीत तर न्यायालयात दावा कसा लावायचा, तेही नाही.

सहा "नाही", आणि मथळ्यात त्यातलं एकही नाही. सगळी यादी मथळ्यात कोंबायची नसते, तसं केलं तर तो मथळा न राहता सातबारा होईल. त्यातले कोणते "नाही" वाचणाऱ्याचं नुकसान करू शकतात, ते ठरवायचं. आमच्याकडे येणाऱ्यांत गोव्यात राहून काम करणारे पुष्कळ, म्हणून राज्य मथळ्यात हवंच. पुण्यात कोणी हेच पत्रक लिहिलं तर गोव्याचं नाव घ्यायची गरज नाही, "महाराष्ट्र" एवढंच पुरेल. घरमालकाची बाजू नाही, हे मात्र वेगळं सांगावं लागत नाही. "डिपॉझिटची मागणी" म्हटलं की मागणारा कोण ते कळतंच.

२. राज्य आणि कायदा तपासा

भाड्याचे कायदे राज्याराज्यांचे. महाराष्ट्रात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आहे. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. गोव्यात इमारतींच्या भाड्यासाठी १९६८ चा वेगळा कायदा आहे. सावंतवाडीहून म्हापसा तासा-दीड तासावर असेल, पण मधली हद्द ओलांडली की कायद्याचं पुस्तकच बदलतं. त्यामुळे "भाडेकरूंचे हक्क" एवढाच मथळा म्हणजे कोणत्या राज्याचे ते न सांगता दिलेला पत्ता.

इथला सगळ्यात मोठा सापळा २०२१ चा. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेऊ नये, असं त्यात आहे. लगोलग सगळीकडे मथळे झळकले, "आता दोन महिन्यांचंच डिपॉझिट!" आमच्याकडे आजही लोक ते कात्रण घेऊन येतात. पण नावातच "आदर्श" आहे. तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे, आणि एखाद्या राज्याने स्वतःच्या विधानसभेत त्यावरून कायदा केला तरच तो तिथे लागू होतो. मथळ्यातल्या "आता" या शब्दाने हा सगळा फरक गिळला. तुमच्या मथळ्यात "आता", "नवा कायदा", "यापुढे" असलं काही आलं, तर थांबून स्वतःला विचारा, लागू कुठे आणि कोणत्या तारखेपासून? दोन्हींची उत्तरं कागदावर दाखवता आली नाहीत तर तो शब्द काढून टाका.

३. कोणासाठी, ते वाचणाऱ्याच्या हातातल्या कागदावरून ठरवा

या पायरीवर जास्त वेळ द्या, कारण खरा धोका इथे आहे.

बोलताना आपण सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो. पागडीच्या चाळीत तीन पिढ्या राहणारे आजोबाही भाडेकरू, आणि अकरा महिन्यांच्या करारावर फ्लॅट घेतलेली नोकरदार मुलगीही भाडेकरू. कायद्याच्या नजरेत मात्र हे दोन वेगळे लोक आहेत. आजोबांना १९९९ च्या कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना बाहेर काढायचं तर कायद्यात दिलेली कारणं लागतात. त्या मुलीकडे असतो तो लिव्ह अँड लायसन्सचा करार. तिला जागेत राहायची परवानगी मिळालेली असते, जागेत हितसंबंध निर्माण झालेला नसतो. मुदत संपली आणि तिने घर सोडलं नाही, तर त्याच कायद्याच्या कलम २४ नुसार घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागू शकतो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईही द्यावी लागू शकते.

आता हा मथळा बघा : "घरमालक भाडेकरूला सहजासहजी बाहेर काढू शकत नाही." आजोबांसाठी ठीक आहे. त्या मुलीने तो वाचला आणि मुदत संपल्यावर निवांत बसून राहिली, तर दर महिन्याला दुप्पट रकमेचा मीटर पडतो. "डिपॉझिट मिळेपर्यंत किल्ल्या देऊ नका" हे आणखी वाईट. ऐकायला रोखठोक वाटतं, शेजारपाजारचेही हाच सल्ला देतात, म्हणून मथळ्यात ते हमखास येतं. पण पन्नास हजारांच्या डिपॉझिटसाठी किल्ल्या अडवून धरणाऱ्याचं शुल्क महिना पंधरा हजार असेल, तर दुप्पट दराने दोन महिन्यांतच आकडा साठ हजारांवर जातो. म्हणजे डिपॉझिट तर गेलंच, वर देणंही अंगावर.

मग मथळ्यात या मुलीला हाक कशी मारायची? कायद्यातला शब्द "अनुज्ञप्तीधारक". तो लिहिला तर ती ओळखणार नाही. "अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे" असंही मी लिहून पाहिलं, पण करार चोवीस किंवा छत्तीस महिन्यांचेही होतात आणि तेही याच प्रकारात येतात. त्यांना वाटेल हे आपल्यासाठी नाही. शेवटी नोंदवहीत पाहिलं. लोक लिहितात "लिव लायसन". करारनाम्यावरही ठळक अक्षरांत तेच असतं. म्हणून मथळ्यात "लिव्ह अँड लायसन्स करार". शब्द निवडताना माझी कसोटी साधी आहे : वाचणाऱ्याने आपला कागद पत्रकाच्या शेजारी ठेवला, तर दोन्हीकडे तोच शब्द दिसायला हवा.

४. क्रियापद बदला

मथळ्यातलं वचन बहुतेकदा क्रियापदात लपलेलं असतं. "मिळवा", "वसूल करा", "धडा शिकवा", "जिंका". या सगळ्या क्रिया वाचणाऱ्याच्या हातातल्या नाहीत. त्याच्या हातात काय आहे? किल्ल्या परत देताना लेखी पोच घेणं, मीटरचं वाचन आणि खोल्यांचे फोटो ठेवणं, करारातल्या कलमाचा हवाला देऊन लेखी मागणी करणं, नोटीस पाठवणं. मिळणं न मिळणं घरमालकाच्या हातात, आणि तो नाहीच म्हणाला तर न्यायालयाच्या. म्हणून मथळ्यात फक्त पहिल्या प्रकारची क्रियापदं ठेवायची : मागणी करणं, तक्रार दाखल करणं, कागद जमवणं, मुदत मोजणं.

ग्राहक कायद्याच्या पत्रकांत हाच सापळा वेगळ्या रूपात येतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ म्हणतो, की तक्रारीचा निकाल शक्य तितक्या लवकर लावावा आणि विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत तो देण्याचा प्रयत्न करावा. वस्तूची तपासणी करावी लागली तर पाच महिन्यांत. "शक्य तितक्या लवकर" आणि "प्रयत्न" हे त्यातले खरे शब्द. मथळा होतो "तीन महिन्यांत न्याय". सहाव्या सुनावणीला ग्राहक आयोगाच्या बाहेर बसलेला माणूस मग म्हणतो, तुम्हीच लिहिलं होतं. त्याचं काय चुकलं?

असाच एक बिचारा शब्द म्हणजे "पर्यंत". १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असायला हवा आणि नोंदवायला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यातला "पर्यंत" गळाला की उरतं "करार नोंदवला नाही? घरमालक तुरुंगात!" कायद्यात कमाल मर्यादा आहे, मथळ्यात तिचं भाकीत झालं.

प्रामाणिक मथळा म्हणजे गुळमुळीत मथळा, असं मात्र समजू नका. जिथे कायदाच ठाम बोलतो तिथे आपणही ठाम बोलावं. "भाडेकरार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची : महाराष्ट्र" हा मथळा मी बिनदिक्कत देते, कारण ते कायद्यातलंच विधान आहे. त्यापुढे "असू शकते" लावणं म्हणजे उगाच अंग काढून घेणं. "कदाचित", "साधारणतः", "काही वेळा" यांची पेरणी करून मथळा खरा होत नाही, तो फक्त वाचवेनासा होतो.

५. आकडा टाकायचा की नाही

माझा नियम असा : जो आकडा चुकला तर वाचणाऱ्याचा हक्क बुडतो, तो मथळ्यात किंवा लगेच खाली. बाकीचे आत.

ग्राहक आयोगात तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते. उशीर पुरेशा कारणासाठी माफ होऊ शकतो, पण ती आयोगाची मर्जी. हा दोन वर्षांचा आकडा वर हवा, कारण लोक दुकानदाराच्या "पुढच्या आठवड्यात बघू" वर दीड वर्ष काढतात आणि मग आमच्याकडे येतात.

याउलट पैशाची मर्यादा. २०१९ च्या कायद्यात जिल्हा आयोगासाठी एक कोटी रुपयांपर्यंतची मर्यादा होती. डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती पन्नास लाखांवर आणली. कायद्याचं पुस्तक तेच, आकडा नियमांत बदललेला. "१ कोटीपर्यंत जिल्हा आयोगात" असे मथळे त्यानंतरही बरीच वर्षं फिरत राहिले. शिवाय ही मर्यादा वस्तूसाठी किंवा सेवेसाठी मोजलेल्या किमतीवर आहे, मागितलेल्या भरपाईवर नाही, आणि एवढं सगळं मथळ्यात मावत नाही. मिक्सर बंद पडलेल्याला त्याची गरजही नाही.

कलमांचे क्रमांक मथळ्यात देऊच नका. एक जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि "चारसोबीस" हा आकडा एका रात्रीत फक्त म्हणीपुरता उरला. त्यावर बेतलेले मथळे त्या दिवशी शिळे झाले. पत्रकाच्या पहिल्या ओळीखाली "माहिती अमुक महिन्यापर्यंतची" एवढं लिहा आणि तो महिना खरोखर तपासलेला असू द्या.

"मोफत" हाही एक आकडाच, शून्याचा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीबद्दल जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही, हे खरं. पण झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र, ओरोसला मारलेल्या फेऱ्या आणि वकील केला तर त्याची फी, हे काही शून्य नसतं. "तक्रार शुल्क नाही" असं लिहा, "मोफत न्याय" असं लिहू नका. "मोफत सल्ला" हेसुद्धा टाळा. पत्रक माहिती देतं. सल्ला समोरच्याचे कागद पाहून दिला जातो. ज्यांना खरंच मोफत वकील मिळू शकतो, म्हणजे महिला, अनुसूचित जाती-जमातींतले लोक आणि विधी सेवा प्राधिकरण कायद्यातले इतर गट, त्यांच्यासाठी १५१०० हा क्रमांक पत्रकाच्या तळाला द्या.

६. वाचून घ्या, आणि मध्ये बोलू नका

मथळा आणि त्याखालची ओळ, एवढंच कागदावर लिहून त्या कायदा न जाणणाऱ्या माणसाला द्या. तीन प्रश्न विचारा. हे कोणासाठी आहे? आत काय सापडेल? आणि वाचून झाल्यावर तुम्ही काय कराल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "पैसे येतील" असं आलं तर क्रियापद चुकलंय. पहिल्याचं उत्तर "सगळ्यांसाठी" आलं तर पायरी दोन आणि तीन पुन्हा. समजावून सांगायचा मोह होतो. होऊ द्या, पण तोंड उघडू नका. पत्रकासोबत तुम्ही घरोघर जाणार नाही आहात.

माझ्या मथळ्याचा प्रवास या वाटेने असा झाला. आधी "डिपॉझिट परत मिळवा : पाच सोप्या पायऱ्या". "सोप्या" पहिल्यांदा गेलं, कारण सोपं कोणाला, ते मी ठरवू शकत नाही. मग "मिळवा" गेलं आणि "डिपॉझिटची मागणी कशी करावी" झालं. मग राज्य आलं, करार आला, राहतं घर आलं. एका टप्प्यावर तो इतका लांब झाला, की आमच्या समोरच्या शिंपीकाकांनी वाचता वाचता चष्माच काढून ठेवला. तेव्हा दोन ओळी केल्या :

> लिव्ह अँड लायसन्सचं राहतं घर सोडल्यावर डिपॉझिटची मागणी कशी करावी : महाराष्ट्र
> लेखी मागणी आणि नोटिशीपर्यंतच्या पायऱ्या. दुकानगाळे, पागडीची घरं आणि गोव्यातल्या जागा यात नाहीत.

ग्राहकांच्या पत्रकाला याच रीतीने दिलेला मथळा :

> घरासाठी घेतलेली वस्तू सदोष निघाली : जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची तयारी
> मुदत दोन वर्षांची. पावती, वॉरंटी कार्ड आणि पत्रव्यवहार कसा जमवायचा. निकालाबद्दल यात काही नाही.

शेवटचं वाक्य छापखान्यातल्या माणसाला खटकलं होतं. "असं लिहिल्यावर घेईल कोण?" म्हणाला. मी ते ठेवलं.

चुकलं आहे हे कसं ओळखायचं

पत्रक किती उचललं गेलं, त्यावरून काही कळत नाही. माझं पहिलं पत्रक भरपूर उचललं गेलं होतं. नोंदवहीत बघा. "पत्रक वाचून आलो, पण माझं तसं नाही" अशा नोंदी वाढल्या तर मथळा नको त्यांना बोलावतोय. "पत्रकात लिहिल्याप्रमाणे केलं, पण झालं नाही" असं ऐकू आलं तर तो वचन देतोय. आणि ज्याच्यासाठी लिहिलं तोच "हे होतं का तुमच्याकडे?" असं विचारत असेल, तर बहुधा त्याच्या कागदावरचा शब्द मथळ्यात नाही.

नवा मथळा लावल्यावर पहिल्याच आठवड्यात एक बाई आल्या. टेबलावरचं पत्रक उचललं, दोन ओळी वाचल्या, आणि परत जागेवर ठेवलं. "माझा गाळा आहे," म्हणाल्या. "गाळ्याचं कुठंय?"

ते लिहिलेलं नव्हतं. त्यांचा करारनामा झेरॉक्स करून ठेवून घेतला आहे.